एकाच माणसाला दिवाळीचे पाच निरोप: पाचही वेगळे कसे लिहायचे

दिवाळीत रोज शुभेच्छा पाठवायच्या असं अनेकजण ठरवतात. धनत्रयोदशीला मजकूर छान जमतो. नरक चतुर्दशीला त्यातलेच शब्द जरा फिरवून निघतात. लक्ष्मीपूजनापर्यंत 'मंगलमय', 'तेजोमय', 'सुखसमृद्धी' हे सगळं वापरून संपलेलं असतं, मग पाडवा आणि भाऊबीज आलेल्या फॉरवर्डवर भागवली जाते. चाळीस जणांना एकच मजकूर धाडायचा असेल तर यात काही बिघडत नाही. पण हे पाचही निरोप एकाच माणसाला जात असतील, तर तो ते एकाच चॅटमध्ये एकाखाली एक वाचणार असतो आणि पुनरुक्ती त्याला लगेच दिसते. हा लेख अशा एका माणसासाठी निरोप लिहिणाऱ्यांकरता आहे. आई, मावशी, शाळेतल्या बाई, परदेशी गेलेली मैत्रीण, कोणीही असो.

आधी दिवस पक्के करा

महाराष्ट्रात दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते. वसुबारस, धनत्रयोदशी, नरक चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा म्हणजे पाडवा आणि भाऊबीज असे मोजले तर दिवस सहा होतात. पाच निरोपांसाठी धनत्रयोदशी ते भाऊबीज हे पाच घ्यावेत. समोरच्याच्या घरी गाई-वासरं असतील, किंवा त्या घरी वसुबारसेचा उपास होत असेल, तर मात्र वसुबारस जरूर घ्या आणि सहा निरोप लिहा. ज्या घरात त्या दिवशी गाय-वासराची पूजा होते, तिथे तो दिवस वगळलेला लक्षात येतो.

दुसरी गोष्ट, हे पाच दिवस ओळीने पाच तारखांना येतातच असं नाही. ते तिथीवर चालतात. २०२५ साली आपल्याकडे धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती आणि नरक चतुर्दशी २० ला, मधली १९ तारीख रिकामी गेली. उत्तरेत बहुतेक ठिकाणी २० तारखेला दिवाळी झाली आणि आपलं लक्ष्मीपूजन २१ ला. २०२२ साली तर अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन दोन्ही २४ ऑक्टोबरला आले, २५ ला सूर्यग्रहण होतं, आणि पाडवा व भाऊबीज २६ ला एकाच दिवशी. म्हणून लिहायला बसण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि पाच सणांपुढे तारखा लिहा. दोन सण एका दिवशी आले तर एक निरोप सकाळी, दुसरा संध्याकाळी पाठवावा. दोन्ही एकात कोंबले की दोन्ही फिके होतात. रिकाम्या दिवशी काही पाठवू नये.

मग माणूस कागदावर मांडा

इथे बहुतेकांची घाई होते. दिवस समोर ठेवून लिहायला बसलं की लेखणी देवांकडे आणि दिव्यांकडे वळते, आणि ते तर सगळ्यांचेच सारखे असतात. आधी माणसाबद्दल आपल्याला ठाऊक असलेल्या पाच गोष्टी लिहा. मोठं काही नको. यंदा त्यांच्याकडे काय घडलं, त्यांच्या घरी दिवाळीत काय वेगळं होतं, कशाची काळजी आहे, कशाचा अभिमान आहे, कोणाची वाट पाहिली जाते, एवढं पुरे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा तुम्ही ठाण्यात राहता आणि निरोप कुडाळच्या मावशीला पाठवायचे आहेत. मावशी पासष्टीच्या पुढची, काकांना जाऊन काही वर्षं झालेली. जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शिवणकाम करून तिने तीन मुलं शिकवली, आजही हिशोबाची वही ठेवते. पेटी शिकायचं तिच्या मनात बऱ्याच दिवसांपासून आहे. चावदिवसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, तिच्याकडे पहाटे तुळशीपुढे कारीट हे छोटं कडू रानफळ फोडतात आणि मग पोह्यांचे प्रकार होतात. आणि भाऊबीजेला कणकवलीहून मामा न चुकता येतो.

झाल्या की पाच गोष्टी. आता त्या दिवसांना जोडायच्या.

दिवसाचा पोत ओळखा

प्रत्येक दिवसाचं आपलं एक काम आहे, एक वेळ आहे आणि एक नातं आहे. दिवा मात्र पाचही दिवस असतो, म्हणून दिव्याला हात घातला की पुनरुक्ती होणारच. माझा नियम असा की 'दिवा', 'पणती', 'प्रकाश', 'उजळणे' यांतलं जे काही यायचं ते पाचांपैकी एकाच निरोपात येऊ द्यावं. बाकी चार दिवस त्याशिवाय लिहायचे.

धनत्रयोदशीला नावातल्या धनामुळे आपण पैशाकडे जातो. पण हा दिवस धन्वंतरीचा, म्हणजे आरोग्याचा आहे. धने-गुळाचा नैवेद्य याच दिवशी, आणि संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतात तो घरातल्या माणसांना अपमृत्यू येऊ नये म्हणून. सोनं-नाणं लक्ष्मीपूजनाला ठेवा आणि या दिवशी तब्येतीचं बोला. एवढं केलं तरी पहिला आणि तिसरा निरोप आपोआप वेगळे होतात. 'धनवर्षाव होवो' दोनदा लिहिण्याची वेळ येत नाही.

नरक चतुर्दशी पहाटेची. उटणं, सुगंधी तेल, गरम पाणी, थंडीची चाहूल, आंघोळीआधी फटाका कोणी लावला यावरची भांडणं. हा पाचांतला सर्वांत शरीराचा, वासाचा आणि चवीचा दिवस आहे. इथे उपदेश नको, शुभेच्छाही बेताची. कोकणात आणि गोव्यात कारीट येतं, आणि गोव्यात पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात. देशावर, विदर्भात रीत वेगळी. समोरच्याच्या घरी जे होतं तेच लिहा. ज्या घरात कारीट फोडत नाहीत, तिथल्या माणसाला त्याबद्दल विचारलं तर त्याला काही बोध होणार नाही.

लक्ष्मीपूजन संध्याकाळचं. लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी, वही, तिजोरी. हा कष्टाच्या आणि कमाईच्या हिशोबाचा दिवस. इथे कौतुक शोभतं. समोरच्याने काय कमावलं, कसं उभं केलं, हे नाव घेऊन सांगायला याहून बरा दिवस नाही.

पाडवा जपून लिहावा लागतो. या दिवशी पत्नी पतीला ओवाळते, म्हणून पाडव्याचे बहुतेक तयार मजकूर जोडप्यांसाठी असतात. मावशीसारख्या एकट्या बाईला, किंवा नुकत्याच विभक्त झालेल्या मैत्रिणीला तसा मजकूर गेला तर तो बोचतो. पण पाडव्याची दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. हा दिवस साडेतीन मुहूर्तांत मोजतात, व्यापाऱ्यांची नवी वही याच दिवशी सुरू होते, विक्रम संवताचं नवं वर्ष लागतं, आणि 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' ही आपली जुनी प्रार्थना याच दिवसाची आहे. एकट्या माणसाला पाडव्याला नव्या आरंभाचं लिहावं. गुजराती शेजारी असतील तर त्यांना तर ते वर्षारंभ म्हणूनच जायला हवं.

भाऊबीजेला अडचण अशी की पाठवणारा आणि वाचणारा बहीण-भाऊ नसतात. मावशीला भाची भाऊबीजेला काय लिहिणार? तिच्या भावाबद्दल लिहायचं. वाचणाऱ्याच्या आयुष्यातलं ते नातं उचलायचं. भाऊ नसलेल्या बायका अनेक घरांत चंद्राला ओवाळतात, तेही लक्षात असू द्या. भाऊ नसलेल्या माणसाला 'भावा-बहिणीचं नातं अतूट राहो' लिहिण्यात अर्थ नाही.

पहिला खर्डा आणि त्यातली छुपी पुनरुक्ती

मावशीसाठी पहिला खर्डा बहुधा असा उतरेल.

धनत्रयोदशी: 'मावशी, धन्वंतरी तुला उत्तम आरोग्य देवो.'
नरक चतुर्दशी: 'मावशी, श्रीकृष्ण तुला बळ देवो.'
लक्ष्मीपूजन: 'मावशी, लक्ष्मीमाता तुला समृद्धी देवो.'

यात एकही शुभेच्छा दुसऱ्यांदा आलेली नाही. देव वेगळे, मागणं वेगळं. तरी तिसरं वाचताना मावशीला वाटेल की हे मी वाचलेलं आहे, आणि तिचं बरोबर असेल, कारण वाक्य एकच आहे. 'अमुक तुला तमुक देवो' या साच्यात फक्त नावं बदलली आहेत. शब्दांची पुनरुक्ती शोधायला सोपी असते. साच्याची पुनरुक्ती लिहिणाऱ्याला दिसत नाही आणि वाचणाऱ्याला मात्र जाणवते.

यावर उपाय हा की प्रत्येक निरोपाला वेगळं काम द्यायचं. एकात मागणं मागायचं, एकात नुसते प्रश्न विचारायचे, एकात कौतुक करायचं, एकात प्रेमाने आठवण किंवा तगादा द्यायचा, आणि एक निरोप तिच्यामार्फत तिसऱ्याच कुणाला पाठवायचा. काम वेगळं असलं की वाक्याची चाल आपोआप बदलते. 'देवो', 'लाभो', 'नांदो', 'येवो' ही आशीर्वादाची रूपं पाचांत दोनदाच यावीत, त्याहून जास्त नाही.

पाच निरोप, मावशीसाठी

धनत्रयोदशीला मागणं ठेवलं:

'मावशी, धने-गूळ ठेवलास का नैवेद्याला? मी धन्वंतरीकडे एकच मागितलं आहे, पुढच्या धनत्रयोदशीला तू काठी न घेता माडीवर चढलेली असशील. सण आहे म्हणून गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस गं.'

आरोग्याचा शब्दसुद्धा इथे आलेला नाही. माडी आणि काठी यांनी ते काम केलं. 'निरामय आयुष्य लाभो' हे कोणालाही पाठवता येतं, माडीचं मात्र याच मावशीला.

नरक चतुर्दशीला प्रश्न:

'आंघोळ झाली का मावशी? कारीट कोणी फोडलं यंदा? इथे बाजारात मिळालं, पण बाथरूमच्या दारात फोडण्यात ती मजा नाही. पोह्यांचे किती प्रकार केलेस ते सांग. काल्याच्या पोह्यांचा फोटो हवाच.'

शुभेच्छा एकही नाही आणि ती कमी वाटत नाही. प्रश्नांना उत्तर द्यावंसं वाटतं, म्हणून पाचांत या निरोपाला सर्वांत लांब उत्तर येतं.

लक्ष्मीपूजनाला कौतुक:

'मावशी, आज तुझ्या शिवणाच्या वहीला हळदकुंकू लागेल. झंपर, परकर, फॉल-पिको असं लिहिलेल्या त्या छोट्या छोट्या आकड्यांतून तिघांची शिक्षणं झाली, हे आम्ही सगळे जाणतो. तुझ्याकडची लक्ष्मी कष्टाची आहे. ती तुझ्याच घरी नांदो.'

इथे 'नांदो' हे पहिलं आशीर्वादाचं रूप आलं. तोपर्यंत ते जपून ठेवल्यामुळे त्याला वजन आहे.

पाडव्याला तगादा:

'मावशी, पाडव्याचा नमस्कार. आज मुहूर्त शोधायला नको. पेटीचं तू कधीपासून म्हणते आहेस, आज वरचं कापड काढ आणि निदान सा रे ग म वाजव. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.'

ओवाळणीचा उल्लेख टाळला, आणि टाळल्याचं जाणवतही नाही, कारण निरोपाला दुसरं काम आहे. शेवटची ओळ मात्र तयार आहे आणि ती तशीच ठेवावी. परंपरेतली एखादी ओळ पाचांत एकदा यावी, म्हणजे सण आपल्या घरचा वाटतो.

भाऊबीजेला तिच्यामार्फत मामाला:

'मामा पोचला का गं? त्याला सांग, ओवाळणीत काय घातलंस ते ठाण्याला कळवायचं आहे. आणि जेवून लगेच निघायचं नाही म्हणावं, यंदा राहा एक दिवस. रविवारी तुम्हा दोघांशी फोनवर बोलते.'

पाठवण्याआधी तपासणी

पाचही निरोप एका कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये एकाखाली एक उतरवा. दिवसांची नावं आणि देवांची नावं बोटाने झाका. राहिलेल्या मजकुरावरून हा कोणत्या दिवसाचा, हे ओळखता यायला हवं. धनत्रयोदशीचा मजकूर पाडव्यालाही चालला असता असं वाटलं, तर त्यात त्या दिवसाचं काहीच नाही, तो पुन्हा लिहा.

मग फक्त पहिले दोन-तीन शब्द वाचत खाली या, आणि नंतर फक्त शेवटची वाक्यं. पुनरुक्ती सुरुवातीला आणि शेवटालाच जास्त बसते. सगळे निरोप 'प्रिय मावशी' ने सुरू झाले तर तीन ठिकाणचं संबोधन मधे ढकला किंवा काढा. वरच्या पाचांत भाऊबीजेला 'मावशी' हा शब्दच नाही, नुसता 'गं' पुरला.

मागच्या वर्षीचंही पाहायचं. त्या चॅटच्या शोधात 'दिवाळी', 'दीपावली', 'पाडवा' असे शब्द एकेक टाकून जुने निरोप काढा. तुम्ही विसरला असलात तरी ते तिच्या फोनमध्ये आहेत.

शुद्धलेखनात चार जागी हमखास चुका होतात. 'दिवाळी'त दि ऱ्हस्व, पण 'दीपावली'त दी दीर्घ. 'शुभेच्छा'त च्छ, च्या नाही. 'हार्दिक'मधला दि ऱ्हस्व. 'लक्ष्मीपूजन'मधला पू दीर्घ. शाळेतल्या बाईंना पाठवत असाल तर हे आधी पाहा.

वेळ

धनत्रयोदशीचा निरोप दुपारी चारच्या सुमारास, संध्याकाळच्या दिव्याआधी पोचलेला बरा. नरक चतुर्दशीचा पहाटे साडेपाच-सहाला, कारण दहा वाजता 'आंघोळ झाली का' विचारण्यात गंमत उरत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोनवर शुभेच्छांचा पूर येतो आणि त्यात तुमचा निरोप वाहून जातो, म्हणून तो दुपारीच पाठवा. पाडव्याचा सकाळी. भाऊबीजेचा जेवणाच्या आसपास, मामा घरात असताना.

परदेशातल्या माणसासाठी घड्याळ त्याचं धरा. ऑक्टोबरात न्यूजर्सी आपल्यामागे साडेनऊ तास असते. ठाण्यातून पहाटे साडेपाचला पाठवलेला अभ्यंगस्नानाचा निरोप तिथे आदल्या रात्री आठला पोचतो. तो आपल्या दुपारी तीन-साडेतीनला पाठवला, तर त्यांच्या पहाटे सहाच्या आसपास मिळतो.

कधी पाच पाठवू नयेत

वर्षभरात ज्या घरात कोणी गेलं आहे, तिथे त्या वर्षी दिवाळी पुष्कळदा साजरी होत नाही. अशा घरी रोज निरोप पाठवू नये. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी एकच पाठवा आणि त्यात सणाचं नाव नसलं तरी चालेल: 'काकू, या दिवसांत काकांची आठवण जास्त येत असेल. भाऊबीजेनंतर भेटायला येते, फराळाचं काही करू नका.'

वरिष्ठ, ग्राहक किंवा नुकती ओळख झालेले लोक यांनाही पाच दिवस लिहिणं जड जातं. त्यांना दोनच पुरेत, लक्ष्मीपूजन आणि पाडवा. 'आपण' वापरून, प्रत्येकी दोन ओळी, आणि त्यातही एक गोष्ट त्यांच्या कामाची असावी.

उत्तर आलं की

निरोप आधी लिहून ठेवले तरी ते जसेच्या तसे पाठवायचे नसतात. समजा धनत्रयोदशीला मावशीचं उत्तर आलं, 'गुडघा सुजलाय गो, चढण्याचं नाव काढू नको.' तर चतुर्दशीचा निरोप कारिटाने सुरू होऊ शकत नाही. आधी विचारायचं, 'रात्री शेक घेतलास का? डॉक्टरांना फोन केलास का?' आणि मग पोह्यांकडे वळायचं, तेही 'तू बसून सांग, करू देत दुसरे कोणी' असं. पाडव्याच्या पेटीलाही मग निराळा अर्थ येतो, कारण ती बसून वाजवायची असते. त्या दिवशी एवढंच जोडा: 'गुडघ्याला विश्रांती आणि बोटांना काम.'

भाऊबीज झाली की पाच निरोप आणि तिची उत्तरं एका नोंदीत, तिच्या नावाखाली, वर्ष घालून ठेवा. शेजारी एका ओळीत लिहा की यंदा कोणत्या दिवसाला कोणतं काम दिलं होतं: मागणं, प्रश्न, कौतुक, तगादा, मामा. पुढच्या वर्षी ही कामं एकेक दिवस पुढे सरकवा. कौतुक पाडव्याला येईल, तगादा भाऊबीजेला, प्रश्न लक्ष्मीपूजनाला. मग पेटी कुठवर आली, हे लक्ष्मीपूजनाच्या दुपारी विचारता येईल.